40 क्रेट आणि एक वजाबाकी

मे महिना संपत आला की देवगड तालुक्यातल्या बागांमधून हापूस दोन वाटांनी बाहेर पडतो. निवडक फळ पेटीत भरून बाजारात जातं. उरलेलं डागी, बारकं किंवा उशिरा उतरलेलं फळ क्रेटात भरून कॅनिंगला जातं. पेटीचा हिशेब डझनावर होतो आणि कॅनिंगचा किलोवर, म्हणून या पंधरा-वीस दिवसांत घरोघरी वजनकाटा बाहेर निघतो. या प्रकरणातली चूक त्या काट्याच्या नोंदींतूनच उभी राहिली. ती मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात खोटा आकडा एकही नव्हता.

दहावीचे जादा तास मी मे महिन्यातच सुरू करतो. त्या आठवड्यात दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू होती. दोन समीकरणं एकाखाली एक मांडायची, एकातून दुसरं वजा करायचं, एक चल निघून जातं. वर्गातल्या एका मुलीच्या हातात ही रीत चांगली बसली होती. एका सकाळी ती तास संपल्यावर थांबली आणि तिने वहीतलं पान पुढे केलं. आदल्या दिवशी तिच्या घरून 40 क्रेट आंबा संकलन केंद्रावर गेला होता. केंद्राच्या पावतीवर निव्वळ वजन 811 किलो होतं आणि घरच्या हिशेबाप्रमाणे ते 820 च्या वर असायला हवं होतं. आजोबा रात्रभर एकच प्रश्न विचारत होते, "नऊ किलो आंबे गेले खंय?"

तिच्या पानावर हे होतं:

भरलेला क्रेट > 22
रिकामा क्रेट > 1.5
वजा करून: क्रेटातला आंबा > 20.5
40 क्रेटांत: आंबा > 820

"सर, दोन्ही ओळी खऱ्या आहेत. मी स्वतः काट्याजवळ उभी होते."

त्या खऱ्या होत्याच. पण केंद्राने वजन मारलं असं ठरवण्याआधी त्या ओळी कशा तयार झाल्या ते समजून घ्यायला हवं होतं, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

आजोबांची भरायची पद्धत ठरलेली होती. आंब्यांनी भरलेला क्रेट ते स्प्रिंगच्या काट्याला टांगत. सुई 22 वर आली नाही तर वर आणखी एक-दोन फळं ठेवत, आणि सुईने 22 ओलांडले की क्रेट बाजूला करून नात वहीत टिक मारत असे. नेमकं वजन कोणी लिहून ठेवत नव्हतं. चाळीस टिका याचा अर्थ एवढाच की चाळीसही क्रेट 22 किलोपेक्षा जास्त भरले. रिकाम्या क्रेटांचंही तसंच. हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी ते एकेक करून काट्याला लावून पाहिले होते. प्रत्येक क्रेट दीड किलोच्या पुढे गेला, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर "रिकामा: दीडच्या वर" अशी नोंद झाली. म्हणजे दोन्ही विधानं मोजून केलेली होती आणि दोन्ही बरोबर होती.

मग त्यांतून काढलेलं तिसरं विधान कुठे घसरलं?

दुसऱ्या दिवशीची भरणी अंगणात चालूच होती. मी गावातल्या दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला होता. रिकामे क्रेट आधी वजन करून घेतले, त्यांवर खडूने आकडा लिहिला, मग ते आजोबांनी नेहमीसारखेच भरले, आणि भरल्यावर पुन्हा काट्यावर चढवले. त्यातले तीन इथे देतो.

पहिला क्रेट भरून 22.4 किलो, रिकामा 1.6. आत आंबा 20.8 किलो.
दुसरा क्रेट भरून 22.1 किलो, रिकामा 1.6. आत आंबा 20.5 किलो.
तिसरा क्रेट भरून 22.3 किलो, रिकामा 2.2. आत आंबा 20.1 किलो.

तिन्ही क्रेट भरून 22 च्या वर आहेत. तिन्ही रिकामे 1.5 च्या वर आहेत. म्हणजे वहीतल्या पहिल्या दोन ओळी तिघांनाही लागू आहेत. पण आंबा पहिल्यात 20.5 पेक्षा जास्त, दुसऱ्यात बरोबर 20.5 आणि तिसऱ्यात 20.5 पेक्षा कमी. एकाच अंगणात, एकाच हाताने भरलेल्या तीन क्रेटांनी तीन वेगळी उत्तरं दिली. मुलगी तिसऱ्या क्रेटाकडे बराच वेळ बघत राहिली. आजोबांनी तो हाताने उचलून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो जुनो क्रेट जड आसा. सगळे काय सारखे नाय."

आजोबांच्या या वाक्यात अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं गणिताचं आहे आणि ते मला सावकाश सांगायचं आहे, कारण "वजाबाकी चालत नाही" एवढंच पाठ केलेला विद्यार्थी पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडखळतो.

"22 पेक्षा जास्त" हे विधान ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर 22 हा आकडा राहतो आणि "पेक्षा जास्त" हे शब्द मागे सरतात. खरं तर सगळी गोष्ट त्या मागे सरलेल्या भागातच आहे. भरलेला क्रेट 22 च्या किती वर गेला? त्या जास्तीच्या भागाला मी वर्गात वाढावा म्हणतो. आमच्याकडे हिशेबात शिल्लक पडली की तिला वाढावाच म्हणतात, त्यामुळे मुलांना हा शब्द नवा वाटत नाही. a हा b पेक्षा मोठा आहे याचा अर्थ a − b हा वाढावा धन आहे, शून्याच्या वर आहे. असमानतेत याहून जास्त काहीच सांगितलेलं नसतं. वाढावा किती हे ती सांगत नाही, फक्त तो धन आहे एवढं सांगते.

आता बेरीज घ्या. a > b आणि c > d. पहिल्याचा वाढावा a − b, दुसऱ्याचा c − d. दोन्ही धन. डाव्या बाजू एकत्र केल्या आणि उजव्या बाजू एकत्र केल्या, तर नवा वाढावा असा येतो:

(a + c) − (b + d) = (a − b) + (c − d)

उजवीकडे दोन धन संख्यांची बेरीज आहे. दोन धन संख्या मिळवून ऋण संख्या किंवा शून्य येऊच शकत नाही, मग त्या कितीही लहान असोत. म्हणून a + c > b + d. इथे वाढावे किती हे माहीत असण्याची गरजच पडली नाही. ते धन आहेत एवढं पुरलं.

वजाबाकीत त्याच रीतीने:

(a − c) − (b − d) = (a − b) − (c − d)

उजवीकडे आता एका धन संख्येतून दुसरी धन संख्या वजा होते आहे. उत्तर काय येईल? पहिला वाढावा मोठा असेल तर धन, दोन्ही सारखे असतील तर शून्य, दुसरा मोठा असेल तर ऋण. आणि कोणता वाढावा मोठा हे तर दिलेल्या दोन असमानता सांगतच नाहीत. म्हणून निष्कर्ष काढायला जागाच उरत नाही. बेरजेला फक्त चिन्ह पुरतं, वजाबाकीला मापही लागतं, आणि ते माप आपल्याकडे नसतं.

अंगणातले तीन क्रेट या ओळीत बसवून बघा. पहिल्या क्रेटात भरलेल्याचा वाढावा 22.4 − 22 = 0.4 आणि रिकाम्याचा 1.6 − 1.5 = 0.1. फरक 0.3, आणि आंबा 20.5 पेक्षा बरोबर 0.3 नेच जास्त होता. दुसऱ्यात दोन्ही वाढावे 0.1, फरक शून्य. तिसऱ्यात भरलेल्याचा वाढावा 0.3 आणि रिकाम्याचा तब्बल 0.7. फरक −0.4, आणि 20.1 हे 20.5 पेक्षा 0.4 नेच कमी आहे. मुलीने हे तिन्ही फरक स्वतः काढले आणि तिसऱ्याच्या खाली दोन रेघा ओढल्या. एखाद्या क्रेटात आंबा 20.5 च्या आत असू शकतो हे तिला आता माझ्याकडून ऐकून पटवून घ्यायचं नव्हतं, तिने ते तोललं होतं.

वर्गात प्रतिउदाहरण म्हणून मी इतके दशांश घेत नाही. 5 > 4 आणि 3 > 1 पुरेसं आहे. बेरीज केली तर 8 > 5, बरोबर. वजाबाकी केली तर डावीकडे 2 आणि उजवीकडे 3, म्हणजे चिन्ह उलटलं. याहूनही लहान हवं असेल तर 2 > 1 आणि 2 > 0. वजा केल्यावर 0 आणि 1 उरतात. नियम सगळ्याच संख्यांसाठी सांगितलेला असेल तर तो खोटा ठरवायला असं एक उदाहरण बास होतं.

मात्र असं उदाहरण कसं शोधायचं हे मुलांना सांगितलं पाहिजे. नाहीतर बरेच जण एखादं उदाहरण घेतात, ते नेमकं बरोबर निघतं, आणि नियमावर विश्वास बसतो. 10 > 2 आणि 5 > 4 घ्या. वजा केलं तर 5 आणि −2, नियम खरा वाटतो. इथे पहिला वाढावा 8 आहे आणि दुसरा फक्त 1, म्हणून ते जमलं. नियम मोडायचा असेल तर उलट करायचं: पहिल्या असमानतेतला वाढावा जितका लहान घेता येईल तितका घ्यायचा आणि दुसरीतला मोठा. हे कळलं की प्रतिउदाहरण अंदाजाने शोधावं लागत नाही, हवं तेव्हा बनवता येतं.

मुलीचा पुढचा प्रश्न योग्यच होता. "मग समीकरणं कशी वजा होतात, सर? गेला आठवडाभर आपण तेच करतोय."

समीकरणालाही वाढाव्याच्या नजरेने बघावं. a = b म्हणजे a − b हा वाढावा शून्य. c = d म्हणजे दुसराही शून्य. शून्यात शून्य मिळवा किंवा शून्यातून शून्य वजा करा, शून्यच राहतं. म्हणून समीकरणांना बेरीज-वजाबाकी दोन्ही चालतात. समीकरणाचा वाढावा नेमका ठाऊक असतो आणि असमानतेचा नुसता धन असतो, सारा फरक इथूनच सुरू होतो. आपल्याकडची मुलं आधी बराच काळ बरोबरीच्या चिन्हाशी खेळतात आणि असमानता नंतर भेटते, त्यामुळे हाताची सवय आधीच पक्की झालेली असते. चिन्हांचा इतिहासही याच क्रमाने घडला. बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी 1557 मध्ये छापलं, तर > आणि < ही चिन्हं थॉमस हॅरियट यांच्या मृत्यूनंतर 1631 मध्ये छापलेल्या ग्रंथात पुढे आली.

याच जागी आणखी एक गोंधळ होतो, तोही मिटवून टाकतो. असमानतेच्या दोन्ही बाजूंतून एकच संख्या वजा केली तर चालते. a > b असेल तर a − 7 > b − 7. हे वरच्या नियमाशी भांडत नाही, कारण इथे दुसरी असमानता नाहीच, 7 = 7 हे समीकरण आहे आणि त्याचा वाढावा शून्य आहे. त्रिकोणात AB + BC > AC यावरून AB > AC − BC लिहितो तेव्हा आपण हेच करतो. दोन्ही बाजूंतून BC वजा केलेला असतो, एका असमानतेतून दुसरी असमानता नाही. सगळे रिकामे क्रेट बरोबर दीड किलोचे असते तर मुलीचा हिशेबही तंतोतंत बरोबर ठरला असता. चूक वजाबाकी करण्यात नव्हती, "दीडच्या वर" याला "दीड" समजण्यात होती.

तिच्या पानावरची शेवटची ओळ, 40 क्रेटांची, मात्र वेगळी तपासायला हवी. एका क्रेटाचं विधान चाळीस वेळा मिळवणं ही बेरीज आहे. ही पायरी बरोबर आहे. ती भरलेल्या क्रेटांना लावली तर 40 × 22 = 880, म्हणजे भरलेला सगळा माल 880 किलोच्या वर असायलाच हवा. केंद्राच्या नोंदवहीत एकूण वजन लिहिलेलं असतं, पावतीवर ते नव्हतं. मुलीचे बाबा दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले. एकूण वजन 884 किलो होतं. बेरजेचा निष्कर्ष टिकला. एकाच पानावर एक पायरी टिकते आणि एक कोसळते, असं सहसा हाताशी मिळत नाही, म्हणून मी ते पान जपून ठेवायला सांगितलं.

आता प्रश्न उरला तो पावतीचा. 811 बरोबर की चूक? चुकीच्या वजाबाकीने केंद्रावर संशय आला होता, पण ती वजाबाकी खोडली म्हणून केंद्र आपोआप खरं ठरत नाही. आजोबांचं म्हणणं रास्त होतं: "मग आमका कळतला कसा, मास्तर?"

त्यासाठी वजाबाकी करायचीच आहे, फक्त योग्य जोडीदाराबरोबर. आंबा किमान किती हे हवं असेल तर भरलेला क्रेट किमान किती हे लागतं, आणि रिकामा क्रेट जास्तीत जास्त किती हे लागतं. क्रेट जड निघाला तर आंबा कमी होतो, म्हणून क्रेटाची वरची हद्द महत्त्वाची. आजोबांच्या वहीत रिकाम्या क्रेटाची खालची हद्द होती, आणि या कामासाठी ती निरुपयोगी होती. गणितात तीच गोष्ट अशी: a > b आणि c < d. दुसरीत वाढावा d − c हा धन आहे. वजा केल्यावर

(a − c) − (b − d) = (a − b) + (d − c)

पुन्हा दोन धन संख्यांची बेरीज. म्हणून a − c > b − d, खात्रीने. c < d याला −1 ने गुणलं की चिन्ह उलटतं आणि −c > −d मिळतं. मग आपण वजाबाकी करतच नाही, एकाच दिशेच्या दोन असमानतांची बेरीज करतो. c वजा करणं म्हणजे −c मिळवणं, आणि −c कडे जाताना चिन्ह उलटतं, हे लक्षात न घेतल्यामुळेच एका दिशेच्या असमानता वजा करण्याची चूक होते.

"मग उलट दिशेच्या दोन असमानता मिळवता येतील का?" हा प्रश्न तिने लगेच विचारला, आणि उत्तरही तिनेच काढलं. a > b आणि c < d असेल तर बेरजेत नवा वाढावा (a − b) − (d − c) होतो. पुन्हा धन संख्येतून धन संख्या, पुन्हा माप माहीत नाही. 5 > 4 आणि 1 < 3 मिळवले तर 6 आणि 7, तर 9 > 4 आणि 1 < 3 मिळवले तर 10 आणि 7. निष्कर्ष नाही.

केंद्रावरून रिकामे क्रेट परत आले होते. ओसरीवर ते दोन राशींत लावले: 25 निळे, पातळ प्लास्टिकचे, आणि 15 जुने लाल, जाड. इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्रत्येक निळा 1.5 आणि 1.7 च्या मध्ये आला, प्रत्येक लाल 2.1 आणि 2.3 च्या मध्ये. मग हिशेब असा झाला.

निळ्यांचं एकूण वजन 25 × 1.7 = 42.5 पेक्षा कमी. लालांचं 15 × 2.3 = 34.5 पेक्षा कमी. दोन्ही एकाच दिशेच्या, म्हणून बेरीज चालते: सगळे रिकामे क्रेट मिळून 77 किलोपेक्षा कमी. भरलेला माल 880 पेक्षा जास्त. उलट दिशा, म्हणून वजाबाकी चालते: आंबा 803 किलोपेक्षा जास्त.

ही खरी खात्रीची हद्द. घरच्या नोंदीवरून 803 च्या वर एवढंच ठामपणे म्हणता येत होतं, 820 च्या वर नाही. पावतीतले 811 या हद्दीच्या वर आहेत, त्यामुळे आजोबांच्या टिकांवरून पावतीला हरकत घेता येत नव्हती. पावती 795 ची असती तर मात्र घेता आली असती, आणि मग तीन ओळींचा हा हिशेब केंद्रावर नेऊन ठेवण्याजोगा होता. हद्द लावण्याचा उपयोग हाच, की भांडण कधी करावं आणि कधी करू नये हे ती सांगते. ती नेमकं वजन सांगत नाही. नेमकं वजन हवं असेल तर दोन बरोबऱ्या लागतात. रिकाम्या 40 क्रेटांचं एकत्र वजन केलं तेव्हा ते 73 किलो भरलं. 884 मधून 73 गेले, उरले 811. इथे वजाबाकी बिनधास्त चालली, कारण दोन्हीकडे बरोबरी होती.

त्याच आठवड्यात वर्गात हे प्रकरण मी फळ्यावर मांडलं तेव्हा होडीवाल्या घरातल्या एका मुलाने त्यांच्याकडचं उदाहरण दिलं. त्याच्या बाबांच्या आणि काकांच्या होड्या एकाच दिवशी गेल्या होत्या. बाबांची मासळी 18 हजारांची झाली, काकांची 15 हजारांची. बाबांचा डिझेल, बर्फ आणि खलाशांचा खर्च 11 हजार झाला, काकांचा 6 हजार. बाबांची विक्री जास्त, खर्चही जास्त. पण शिल्लक बाबांकडे 7 हजार आणि काकांकडे 9 हजार. विक्रीचा वाढावा 3 हजार आणि खर्चाचा वाढावा 5 हजार, म्हणून शिल्लक 2 हजारांनी उलटली. हे उदाहरण मला क्रेटांपेक्षाही सोपं वाटतं, कारण इथे हद्दी नाहीत, सरळ तुलना आहे. शिवाय "विक्री जास्त म्हणजे फायदा जास्त" असं आपण रोज बोलतो.

पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या घरावरून गेलो. आजोबांनी सगळ्या लाल क्रेटांवर ऑइलपेंटने "2.3 आत" असं लिहिलं होतं आणि निळ्यांवर "1.7 आत". वहीच्या पहिल्या पानावरची "दीडच्या वर" ही ओळ तशीच होती, पण तिच्या शेजारी नातीच्या अक्षरात दुसरी हद्द लिहिलेली होती. आजोबा आता लाल क्रेटात दोन आंबे जास्त घालत होते. "22 नाय, 22.6 झाल्याशिवाय टिक मारू नको," ते तिला सांगत होते. तिने मनातल्या मनात वजा केलं आणि मला म्हणाली, "22.6 पेक्षा जास्त, 2.3 पेक्षा कमी. म्हणजे लाल क्रेटात 20.3 च्या वर, सर." मग तिने शेजारचा निळा क्रेट काट्याला लावला.